दोन मार्क कुठे गेले?

निकालानंतर सीबीएसईच्या बारावीची उत्तरपत्रिका तपासायला मागवता येते. ती हक्काने पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहिती अधिकाराच्या आधारे स्पष्ट केले. अडचण पुढे येते. ‘पेपर चांगला गेला होता, कॉलेजला प्रवेश हवा आहे, कृपया पुन्हा तपासा’ अशा अर्जातून परीक्षकाला हाती काहीच लागत नाही. नेमकी तक्रार काय, हे त्याला कळायला हवे.

त्यासाठी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीशेजारी मंडळाची मार्किंग स्कीम ठेवून बसावे. कोणत्या टप्प्याला अर्धा मार्क, कोणत्याला एक, हे त्यात प्रश्नागणिक दिलेले असते. तिच्या सुरुवातीच्या सूचना मुले सहसा वाचत नाहीत, पण कामाचे वाक्य तिथेच सापडते: एका चुकीचे मार्क एकदाच कापायचे, त्या चुकीमुळे पुढचे आकडे बिघडले तर पुन्हा कापायचे नाहीत.

समजा, भौतिकशास्त्रात तीन मार्कांचा प्रश्न आहे. 6 आणि 3 ओहमचे रोध समांतर जोडलेत, बॅटरी 12 व्होल्टची आणि तिचा अंतर्गत रोध 1 ओहम. समतुल्य रोध, विद्युतधारा आणि बॅटरीच्या टोकांमधले व्होल्टेज काढायचे. प्रत्येकी एक मार्क. उत्तरे 2 ओहम, 4 अँपिअर, 8 व्होल्ट. मुलीने समतुल्य रोध चुकून 3 ओहम लिहिला. मग धारा 3 अँपिअर आली, व्होल्टेज 9. पद्धत बिनचूक, तरी परीक्षकाने शून्य दिले.

अर्जात एवढेच लिहावे: ‘प्रश्न 24, पान 11. मिळालेले गुण 0, अपेक्षित 2. समतुल्य रोध चुकला, तो गुण मान्य नाही असे माझे म्हणणे नाही. मात्र धारा आणि व्होल्टेज या पायऱ्या योग्य सूत्राने, माझ्याच आकड्यावरून सोडवल्या आहेत. मार्किंग स्कीमच्या सूचनेनुसार एका चुकीची कपात एकदाच व्हावी.’ आपली चूक आधी कबूल केल्याने उरलेला दावा भक्कम होतो, असे मला वाटते. प्रत्येक प्रश्नाला असाच स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

बेरीज चुकली असेल, आतल्या पानावरचे मार्क मुखपृष्ठावर चढवायचे राहिले असतील किंवा एखादे उत्तर तपासायचेच राहिले असेल, तर ती गुणपडताळणीची बाब. तिथे युक्तिवाद नको. पान आणि आकडा पुरेसा. ‘माझे उत्तर वेगळ्या शब्दांत आहे, पण बरोबर आहे’ हा दावा मात्र पुनर्मूल्यांकनाचा. त्यात स्कीममधला मुद्दा आणि आपली ओळ शेजारी शेजारी लिहून दाखवावी लागते.

फेरतपासणीत मार्क कमीही होऊ शकतात आणि मग तेच गुणपत्रिकेवर येतात. म्हणून ज्या प्रश्नाचा दावा स्कीमवर बोट ठेवून सांगता येत नाही, तो अर्जात घालू नका.