दोन वार कापड आणि चिंधी एकही नाही: कळीच्या कुर्त्याचं गणित

आजच्या भागात मोजमापं बरीच आहेत, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसा. ऐकताना एखादा आकडा निसटला, तर तो इथं लिहिलेला सापडेलच.

नऊवारी आणि सहावारी या शब्दांतला ‘वार’ महाराष्ट्रात आता दुकानातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. तिकडे कापड मीटरवर मिळतं. अमेरिकेत मात्र ते अजून यार्डावर, म्हणजे वारावरच मिळतं. एक वार म्हणजे 36 इंच. सुती कापडाचा पन्हा इथं बहुधा 44 इंच असतो. या दोन आकड्यांतून, म्हणजे 44 इंच पन्ह्याच्या दोन वार कापडातून, चिंधी न टाकता एक कुर्ता कसा निघतो ते आज पाहू.

ही कल्पना नवी नाही. हातमागाच्या काळात कापड महाग होतं आणि पन्हा ठरलेला असे. मग कपड्याचा आकारच पन्ह्यावरून ठरे. टोरंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियममधल्या अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी 1973 साली ‘कट माय कोट’ या छोट्या पुस्तकात जगभरचे जुने कपडे उलगडून हेच दाखवलं. पुढे, तेव्हा न्यूयॉर्कच्या पार्सन्समध्ये शिकवणारे टिमो रिसानेन आणि न्यूझीलंडच्या हॉली मॅक्विलन यांनी याच विषयावर ‘झीरो वेस्ट फॅशन डिझाइन’ हे पुस्तक लिहिलं. कपड्यांच्या कारखान्यात बेतताना साधारण 15 टक्के कापड वाया जातं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. ते वाया जातं मुख्यतः गोलाईमुळे. मुंढ्याची आणि बाहीच्या डोक्याची गोलाई एकमेकींना चिकटून बसत नाहीत, मधे वाकडेतिकडे तुकडे उरतात. आपल्या जुन्या कळीच्या कुर्त्यात गोलाईच नसते. त्यात फक्त आयत, चौकोन आणि एक तिरकी रेघ असते. म्हणून आज तोच घेऊ.

आपलं माप छाती 38 इंचांचं. शिलाईसाठी सगळीकडे अर्धा इंच आणि खाली दुमडायला एक इंच धरला आहे. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. मग टेबलावर आडवं पसरा: लांबी 72 इंच, रुंदी 44.

पहिला काप लांबीच्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका किनारीपासून 17 इंच मोजून लांब पट्टा वेगळा करा. हे झालं अंग. तो मधोमध दुमडला की पुढचा आणि मागचा भाग एकाच तुकड्यात येतो आणि खांद्याला शिवण लागत नाही.

आता उरलं 27 इंच रुंद आणि 72 इंच लांब कापड. त्याचे लांबीत तीन भाग करा: 29.5 इंचांचा कळ्यांसाठी, 30 इंचांचा बाह्यांसाठी आणि 12.5 इंचांचा खिशांसाठी. बेरीज करून पाहा, बरोबर 72 होते.

कळ्यांच्या भागाचे मधोमध दोन आयत करा, प्रत्येकी 13.5 इंच रुंद. पहिल्या आयताच्या वरच्या कडेवर डावीकडून 4 इंचांवर खूण करा आणि खालच्या कडेवर उजवीकडून 4 इंचांवर. दोन्ही खुणा जोडून तिरकं कापा. दोन कळ्या मिळतील, दोन्ही वर 4 इंच आणि खाली 9.5 इंच. दुसऱ्या आयतात हीच रेघ उलट दिशेनं मारा: वर उजवीकडून 4, खाली डावीकडून 4.

ही उलटी रेघ विसरली, तर चारही कळ्या एकाच हाताच्या निघतात. कुर्त्याला दोन डाव्या आणि दोन उजव्या लागतात. खादीसारखं दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं कापड असेल तर कळी उलटून लावता येते, पण छापील कापडाची उलटी बाजू फिकट असते आणि ती चूक मग झाकत नाही. म्हणून आधी कागदावर करून बघा. सगळी मापं आठांनी भागली की हे कापड 5.5 इंच बाय 9 इंचांचं होतं, प्रिंटरच्या साध्या कागदातून सहज कापता येतं. कागदाची एक बाजू रंगवा, कापा आणि तुकडे मांडा. रंगीत बाजू वर ठेवून चारही कळ्यांच्या सरळ कडा अंगाला लागल्या, तर रेघा बरोबर आहेत.

बाह्यांच्या 30 इंचांच्या भागातून, अंगाकडच्या बाजूला, 4 इंच रुंदीची पट्टी काढा. उरलेल्या 23 इंच रुंद तुकड्याचे दोन भाग करा, प्रत्येकी 15 इंचांचे. या दोन बाह्या. मनगटाकडे कापडाची मूळ किनार येते, त्यामुळे तिथे धागे सुटत नाहीत. त्या 4 इंची पट्टीतून 4 बाय 4 चे दोन चौकोन काखेसाठी, 10 इंचांचा एक तुकडा मागच्या गळ्याच्या आतून लावायला आणि 6 इंचांचे दोन तुकडे खिशाच्या तोंडाला. पट्टी संपली.

शेवटच्या 12.5 इंचांच्या भागाचे चार सारखे तुकडे करा, प्रत्येकी 6.75 इंच रुंद. दोन-दोन जोडले की दोन खोल खिसे होतात. कळ्यांच्या तिरक्या कडा ताणल्या जातात आणि खिसा तिथेच बाजूच्या शिवणीत बसतो. म्हणून 6 इंचांचा तुकडा दुहेरी घडी करून खिशाच्या तोंडामागे शिवायचा, नाहीतर काही दिवसांत तोंड लोंबतं.

गळ्याची गोलाई कापली तर चिंधी होणारच. म्हणून गळा नुसता चिरायचा. खांद्याच्या घडीवर मधोमध 8 इंचांची आडवी चीर, तिच्या मध्यापासून पुढच्या बाजूला 7 इंचांची उभी चीर. दोन्ही कोपरे आत तिरके दुमडून शिवले की गळा इंग्रजी व्ही आकाराचा होतो आणि दुमडलेलं कापड आतून आधार देतं. तोंडाचा घेर सुमारे 24 इंच येतो, मोठ्या माणसाचं डोकं सहज जातं. व्हीच्या टोकावर ताण येतो, तिथे हातानं चार-पाच घट्ट टाके घाला.

शिवायचा क्रम असा: आधी गळा, मग बाह्या अंगाला, मग बाह्यांच्या खाली कळ्यांच्या सरळ कडा अंगाला. त्यानंतर काखेचा चौकोन. त्याच्या दोन कडा बाहीला आणि दोन कळ्यांच्या वरच्या टोकांना लागतात. म्हणजे चौकोनाची बाजू आणि कळीची वरची रुंदी नेहमी सारखीच हवी. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर, दोन्ही कडांपासून अर्धा इंच आत, पेन्सिलीचा ठिपका द्या आणि टीप बरोबर ठिपक्यावर थांबवा. काखेत चुणी पडली, तर टीप ठिपक्याच्या पुढे गेली आहे असं समजा आणि तेवढेच दोन-तीन टाके उसवा. शेवटी मनगटापासून खालपर्यंत बाजूची एकच लांब शिवण, वाटेत खिसे लावत.

तयार कुर्त्याची छाती 44 इंच, म्हणजे अंगापेक्षा 6 इंच सैल. उंची 35 इंच, खालचा घेर 66.

दुकानातलं कापड मात्र क्वचितच नेमकं 44 बाय 72 असतं. धुतल्यावर सुती कापड आटतं, म्हणून सव्वादोन वार घ्या. धुऊन लांबी 76 इंच भरली, तर वरचे 4 इंच कापून टाकू नका. अंग 76 इंचांचं ठेवा, कळ्यांची लांबी 2 इंचांनी वाढवा आणि उरलेले 2 इंच खिशाच्या खोलीत जाऊ द्या. बाह्या तशाच राहतात. कुर्ता 2 इंच लांब होतो इतकंच. पन्हा 42 निघाला, तर अंग 17 च ठेवा. कळी खाली एक इंच कमी, बाही 2 इंच कमी आणि खिसा थोडा अरुंद होईल. छाती मोठी असेल, तर काखेचा चौकोन आणि कळीची वरची रुंदी 4 ऐवजी 5 इंच घ्या. चारही कळ्या मिळून छाती 4 इंचांनी वाढते. त्यासाठी ती पट्टीही 5 इंचांची होते, खिशाच्या तोंडाचे दोन तुकडे 6 ऐवजी 5 इंचांचे होतात आणि बाही एक इंच आखूड. कळी खाली एक इंच अरुंद होते, त्यामुळे घेर 4 इंचांनी कमी होतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकाच दिशेची नक्षी असेल, तर प्रत्येक जोडीतली एक कळी उलटी दिसेल. उभ्या रेघा बाहीवर गोल फिरतील. अंगाबरोबर बसणारा फिटिंगचा कुर्ता यातून होत नाही. आणि चिंधी न उरणं म्हणजे कापड कमी लागणं नव्हे. तोच कुर्ता नेहमीच्या बेतण्यात पावणेदोन वारात बसत असेल, तर आपण पाव वार जास्त घेतलं. इथे ते दोन खोल खिशांत गेलं आहे. खिसे नकोच असतील, तर ही मांडणी तुमच्यासाठी फायद्याची नाही.

शेवटी, आजीच्या जुन्या सुती साडीबद्दल, कारण तीच पुन्हा विकत मिळत नाही. सहा वार म्हणजे 216 इंच. पन्हा 44 च्या आसपास असेल, तर एका साडीत असे तीन कुर्ते बसतात. पण कापण्याआधी साडी उजेडासमोर धरून बघा. वर्षानुवर्षं ज्या भागावर घासली, तिथे ती विरलेली असते. तिथले धागे दोन बोटांत हलके ताणा. सरकले किंवा तुटले, तर तो भाग अंगात किंवा काखेत घेऊ नका. रुंद काठाच्या साडीला ही मांडणी घेऊ नका. काठ अंगाच्या एकाच बाजूला येतो आणि कुर्ता एकांगी दिसतो. बारीक काठाची किंवा बिनकाठाची साडी चालेल. आणि पहिली कात्री साडीला लावण्याआधी हाच कुर्ता एकदा साध्या, स्वस्त सुती कापडाचा शिवून, अंगात घालून, हात वर करून पाहा.