२५ सेकंदांत सापडलेली किल्ली

१९९५ साली इंटरनेटवर क्रेडिट कार्डाचा नंबर टाकून खरेदी करणं ही अगदी नवी गोष्ट होती. लोकांना भीती होती, आणि त्या भीतीवर नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरने एक उत्तर दिलं होतं: तुमचा नंबर सांकेतिक रूपात जाईल, वाटेत कुणी तो पकडला तरी त्याला वाचता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हा दावा तपासून पाहिला.

संदेश सांकेतिक करायला एक किल्ली लागते. इथे किल्ली म्हणजे एक मोठा आकडा. अमेरिकेबाहेर विकल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये ती ४० बिटांची होती, कारण तिथल्या सरकारने त्याहून मजबूत किल्ली निर्यात करायला मनाई केली होती. ती कमकुवत आहे हे ठाऊकच होतं. ऑगस्टमध्येच फ्रान्समधल्या दामिएन दोलिगेने अशी एक किल्ली शोधून दाखवली होती. पण त्यासाठी सुमारे १२० संगणक आठ दिवस राबवावे लागले. अमेरिकेतल्या ब्राउझरची किल्ली १२८ बिटांची. प्रत्येक बिटागणिक शक्यता दुप्पट होतात, त्यामुळे १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. एकेक करून त्या तपासणं जगातल्या सगळ्या संगणकांनाही जमणारं नाही.

गोल्डबर्ग आणि वॅग्नर किल्ल्या तपासत बसलेच नाहीत. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: हा आकडा ब्राउझर आणतो कुठून?

संगणक हे हिशेबी यंत्र आहे. तेच दिलं की तेच उत्तर देणार. त्याला ‘मनात येईल तो आकडा’ काढता येत नाही. म्हणून त्याला सुरुवातीला एक आकडा पुरवतात, त्याला ‘सीड’ किंवा बीज म्हणतात. त्या बीजावर ठरावीक गणिती क्रिया करत तो पुढचे आकडे काढतो. ते आकडे दिसायला अगदी विस्कळीत असतात, पण बीज तेच असेल तर सगळी मालिका जशीच्या तशी पुन्हा निघते. म्हणजे सगळं रहस्य त्या बीजात.

नेटस्केपने बीज कसं बनतं हे जाहीर केलेलं नव्हतं. दोघांनी ब्राउझरची यंत्रभाषेतली फाइल उलगडली आणि एकेक सूचना वाचत मागे गेले. तळाशी त्यांना फक्त तीन गोष्टी मिळाल्या. पहिली, संगणकाच्या घड्याळातली वेळ, सेकंद आणि मायक्रोसेकंदांसह. दुसरी, प्रोसेस आयडी, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला संगणक देतो तो क्रमांक. तिसरी, ज्या प्रोग्रामने ब्राउझर सुरू केला त्याचा क्रमांक. हे सगळं घुसळून ‘एमडी५’ नावाच्या क्रियेतून काढलं, की बीज तयार.

प्रवासी बॅगेच्या चार आकडी कुलपाला दहा हजार जोड्या लागू शकतात, पण मालक आपलं जन्मसालच लावतो हे एकदा कळलं की शंभराच्या आत काम होतं. इथे तसंच झालं होतं.

आता हल्ला कसा होतो ते पाहू. सेकंद कळायला काहीच कष्ट नाहीत; नेटवर्कवर संदेश कधी गेला ते बघितलं की झालं. हल्लेखोराचं त्याच युनिक्स संगणकावर खातं असेल, तर एका साध्या आज्ञेने त्याला दोन्ही प्रोसेस क्रमांक दिसतात. उरले फक्त मायक्रोसेकंद. एका सेकंदात ते दहा लाख. म्हणजे ३९ अंकी संख्येऐवजी तपासायचं फक्त दहा लाख बीजांपर्यंत. दोघांच्या प्रोग्रामला त्या काळच्या एका साध्या एचपी वर्कस्टेशनवर त्यासाठी सुमारे २५ सेकंद लागले. किल्ली ४० बिटांची की १२८ बिटांची, याने काहीच फरक पडत नव्हता.

खातं नसेल तर? तरीही प्रोसेस क्रमांक साधारण ३२ हजारांच्या आतलेच, आणि ते ओळखायला एक वाट होती. त्या संगणकावर अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला ई-मेल पाठवायची. ती परत येते, आणि परत आलेल्या पत्राच्या ओळख-क्रमांकात टपाल सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक छापलेला असतो. ब्राउझरचा क्रमांक त्याच्या आसपास असण्याची शक्यता दाट. असा काही सुगावा लागलाच नाही, तरी दोघांच्या हिशेबाने शक्यता ४७ बिटांच्या पुढे जात नव्हत्या. १२८ च्या जागी ४७!

पण अंदाज बरोबर आला हे कळणार कसं? मला या साऱ्यात सर्वांत लक्षवेधी वाटतो तो हा भाग. संभाषण सुरू करताना ब्राउझर सर्व्हरला एक रँडम आकडा उघडपणे पाठवत असे. तो आणि गुप्त किल्ली, दोन्ही एकाच बीजापासून लागोपाठ निघत. हल्लेखोराने एक बीज धरायचं, त्यातून उघडा आकडा काढायचा आणि पकडलेल्या आकड्याशी जुळवायचा. जुळला की बीज सापडलं, आणि पुढचा आकडा म्हणजे किल्ली.

१९ सप्टेंबरला ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि नेटस्केपने घाईने सुधारित आवृत्ती काढली. पुढे दोघेही प्राध्यापक झाले, गोल्डबर्ग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात आणि वॅग्नर बर्कलीतच.

आज हाच शोध विद्यार्थी वर्गातल्या प्रोजेक्टमध्ये स्वतः लावू शकतात. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात वेनलियांग डू यांनी उभ्या केलेल्या ‘सीड लॅब्ज’ या प्रयोगमालेत तसा एक प्रयोग आहे. ॲलिसने १७ एप्रिल २०१८ रोजी आपलं कर-विवरणपत्र सांकेतिक करून ठेवलं. बॉबच्या हाती ती फाइल आली. किल्ली बनवणारा प्रोग्राम साधारण असा आहे:

```c
srand(time(NULL));
for (i = 0; i < 16; i++)
    key[i] = rand() % 256;
```

१६ बाइट म्हणजे पूर्ण १२८ बिट, आणि छापून पाहिली तर किल्ली अगदी अनाकलनीय दिसते. फाइलवर मात्र वेळ आहे रात्री ११:०८:४९. किल्ली त्याआधीच्या दोन तासांत बनली असावी असा बॉबचा अंदाज. `time(NULL)` सेकंदातच मोजतं, म्हणून सगळ्या शक्यता ७,२००. फाइल पीडीएफ असल्याने तिची सुरुवातीची अक्षरं आधीच ठाऊक आहेत. एकेका सेकंदाला बीज धरून किल्ली काढायची, त्या अक्षरांवर लावायची आणि फाइलशी ताडून पाहायची. लॅपटॉपला हे काम क्षणाचं.

शिकणाऱ्यांची चूक होते ती इथेच. आकडे छापून पाहायचे, आलेख काढायचा, सम-विषम मोजायचे, आणि सगळं ठीक दिसलं की निर्धास्त व्हायचं. नेटस्केपचे आकडे एमडी५ मधून निघाल्यामुळे तसल्या तपासणीत दोष दिसलाच नसता. दोष कळतो तो वेगळ्या प्रश्नाने: सुरुवात किती प्रकारे होऊ शकत होती, आणि त्यातलं बाहेरच्या माणसाला काय ठाऊक आहे?

अनुभवी लोकही यात फसतात. २००६ मध्ये डेबियन लिनक्समधल्या ओपनएसएसएलमध्ये एक किरकोळ वाटणारा बदल झाला, आणि बीजात जवळजवळ फक्त प्रोसेस क्रमांक उरला. त्यामुळे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या किल्ल्या निघत त्या साधारण ३२ हजारच. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. तोवर बनलेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

यावरचा उपाय आज प्रत्येक संगणकात आहे. कळ दाबण्यातलं अंतर, डिस्क आणि नेटवर्कच्या हालचालींतले बारीक फरक यांतून ऑपरेटिंग सिस्टिम सतत अनिश्चितता गोळा करत असते. ती लिनक्सवर `getrandom()`ने आणि पायथनमध्ये `secrets.token_bytes(16)`ने मागता येते. खेळातला फासा टाकायला पायथनचं `random` चालेल. पासवर्ड, ओटीपी किंवा किल्लीसाठी ते वापरू नका, असं पायथनच्या माहितीपत्रातच लिहिलेलं आहे. घरात कुणी कॉलेजचं प्रोजेक्ट करत असेल, तर सादर करण्याआधी त्यात `srand(time(NULL))` कुठे आहे का, एवढं शोधून बघायला सांगा.