वहीचं काय झालं?

कानाए मिनातो ही जपानी लेखिका रहस्यकथांसाठी ओळखली जाते. 2010 साली तिचं ‘ओफुकु शोकान’ हे पुस्तक आलं. त्यातल्या कथा फक्त पत्रांमधून उलगडतात. मधे निवेदक नाही, वर्णन नाही, ‘ती खिडकीशी उभी होती’ असलं एक वाक्य नाही. एका कथेत शाळेतल्या जुन्या मैत्रिणी एका लग्नात भेटतात आणि त्यानंतर त्यांच्यात पत्रं सुरू होतात. दुसरीतलं जोडपं शाळेत एका वर्गात होतं. आता तो परदेशात स्वयंसेवक म्हणून गेलाय आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या एका घटनेबद्दल दोघं एकमेकांना लिहितायत. याच पुस्तकातल्या एका कथेवरून 2012 साली जपानमध्ये सिनेमाही निघाला. त्यात सायुरी योशिनागाची प्रमुख भूमिका होती.

जुने वर्गमित्र आणि जुना गैरसमज ही जोडी पत्रकथेला इतकी मानवते, याचं कारण सरळ आहे. घटनेला दोघंही हजर होते. दोघांनाही ती पाठ आहे, पण वेगवेगळी. त्यानंतर वाटा फुटल्यामुळे ताळा करायची वेळच कधी आली नाही. नवरा-बायकोत तसलं भांडण जेवणाच्या ताटावरच निकालात निघतं, नाहीतर रोज उगाळलं जातं. वर्गातल्या मैत्रिणीशी ते पंचवीस वर्षं जसंच्या तसं राहू शकतं.

मराठीत आज अशी गोष्ट लिहायची तर ती पत्रांतून नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच होणार. ती कशी रचतात हे बघायला एक नमुना घेऊ. शुभा आणि नीलम या दोघी कल्पनेतल्या. दहावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकाच्या दिवशी, 1996 साली, शुभाची प्रयोगवही जागेवर नव्हती. आकृत्या उतरवायला ती नीलमने नेली होती. बाईंनी शुभाला सगळ्यांदेखत झापलं आणि तिला बराच वेळ प्रयोगशाळेबाहेर उभं केलं. नीलमने मुद्दाम वही दाबून ठेवली, अशी शुभाची समजूत झाली. बोलणं बंद.

वाचकाला मात्र यातलं काहीच माहीत नाही. त्याच्यासमोर एवढंच येतं:

नीलम (रविवार, रात्री 10:42): ग्रुपवर तू टाकलेला प्रयोगशाळेचा फोटो बघितला. खिडकीतली मीच ना?
शुभा (10:43): हो
शुभा (10:43): तूच
नीलम (10:51): अजून रागावली आहेस?
शुभा (11:20): कशाबद्दल
नीलम (11:21): वही.

नवखा लेखक नेमका इथे घसरतो. वाचकाला काही कळणार नाही या धास्तीने तो नीलमकडून लिहून घेतो: ‘तुला आठवत असेल, 1996 मध्ये दहावीच्या प्रात्यक्षिकाला मी तुझी विज्ञानाची प्रयोगवही नेली होती आणि ती परत न मिळाल्यामुळे बाईंनी तुला बाहेर उभं केलं होतं.’ शुभाला हे आठवतंच, नीलमलाही ते माहीत आहे, मग हे वाक्य नेमकं कुणासाठी? वाचकासाठी. आणि ते वाचकाच्या लगेच लक्षात येतं. दोघींना जे माहीत आहे ते दोघी एकमेकींना सांगणार नाहीत, हा या प्रकारातला पहिला जाच. म्हणून ‘वही’ हा एकच शब्द पुरतो. कसली वही हे वाचकाला आणखी पाच-सहा मेसेज कळलं नाही तरी बिघडत नाही. खरं तर त्या न कळण्यावरच तो पुढे वाचतो.

आता घड्याळाकडे बघा. ‘हो’ एका मिनिटात आलं, ‘कशाबद्दल’ यायला एकोणतीस मिनिटं लागली. पत्रकथेत पत्र वाचणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. रंगभूमीवर ती सोय असते. ए. आर. गर्नी यांच्या ‘लव्ह लेटर्स’ या नाटकात दोन बालपणीचे वर्गमित्र आयुष्यभर एकमेकांना पत्रं लिहितात. त्यावरून जावेद सिद्दिकींनी ‘तुम्हारी अमृता’ लिहिलं, ते फिरोज अब्बास खान यांनी 1992 साली मुंबईत रंगमंचावर आणलं. शबाना आझमी आणि फारुख शेख शेजारी बसून पत्रं वाचायचे. एक वाचत असताना प्रेक्षकाला दुसऱ्याकडे बघता यायचं. कागदावर ती संधी नाही, तेव्हा ते काम वेळेवर सोपवावं लागतं. एकोणतीस मिनिटांत शुभाने काय केलं हे कुणी सांगत नाही. तिला प्रश्न कळला होता, एवढं मात्र कळतं.

फोनने या खेळात आणखी एक गोष्ट आणली. पोस्टाच्या काळात उत्तर आलं नाही तर पत्र हरवलं असेल, पत्ता बदलला असेल, असं म्हणायला जागा होती. व्हॉट्सअ‍ॅपवर नोव्हेंबर 2014 मध्ये निळ्या खुणा आल्या आणि ती पळवाट बंद झाली. (खूण बंद करून ठेवता येते. पण तशी ती बंद ठेवणारी बाई कोण, हेही कथेत उपयोगी पडतं.) पाठवलेला मेसेज दोन्हीकडून काढून टाकायची सोय 2017 पासून आहे, पण काढल्याची नोंद समोरच्याला दिसते. 2023 पासून मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, त्याचीही खूण राहते. लेखकाने या साली ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. 2013 मध्ये घडणाऱ्या कथेत निळ्या खुणा दिसल्या तर जाणकार वाचक तिथेच अडखळतो.

दुसऱ्या दिवशी नीलमचा लांब मेसेज येतो:

‘वही मी दिली होती शुभे. तुझ्या दादाकडे, आदल्या दिवशी, एसटी स्टँडवर. सकाळी बाई तुला बोलत होत्या तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर दुपारी मी स्टँडवर काय करत होते तेही निघालं असतं. घरी क्लासला जाते सांगून गेले होते.’

गैरसमज इथेच फिटला, असं वाटेल. वही दादाकडे होती, दादा विसरला, नीलम निर्दोष. पुष्कळ कथा इथेच संपतात आणि म्हणूनच पोचट होतात. सगळं खापर गैरहजर तिसऱ्यावर फुटलं की दोघींनी एकमेकींना क्षमा करण्यासारखं काही उरत नाही. मग इतकी वर्षं अबोला धरलाच कशाला, असा प्रश्न वाचकाला पडतो आणि त्याचं उत्तर मिळत नाही. नीलमच्या मेसेजमधली महत्त्वाची गोष्ट दादा नाही, ‘मागेच उभी होते’ हे शब्द आहेत. वही तिने पोचवली होती, पण ती गप्प राहिली. शुभाचा आरोप चुकीचा असला तरी राग अगदीच अस्थानी नव्हता. गैरसमज चांगला रचलेला असला की तो असा अर्धा खरा निघतो.

या मेसेजवर निळ्या खुणा लगेच उमटतात. उत्तर येतं बुधवारी.

शुभा (दुपारी 1:05): माहितीये
नीलम (1:05): काय माहितीये?
शुभा (1:09): दादाकडे होती ते. घर विकताना माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. तपकिरी कव्हर तसंच. चुंबकाच्या बलरेषांच्या पानात तुझी पेन्सिल राहिली होती
नीलम (1:10): केव्हा सापडली?
शुभा (1:26): 2011
नीलम (1:27): आणि मला आत्ता सांगतेस
शुभा (1:31): तुझा नंबर नव्हता
नीलम (1:31): ग्रुप 2015 पासून आहे शुभा
शुभा (1:40): (मेसेज डिलीट केलेला)
शुभा (1:52): हो

पारडं इथे फिरतं. कबुलीजबाब द्यायला आलेली नीलम आता जाब विचारते, आणि ‘शुभे’ची झटक्यात ‘शुभा’ होते. ज्या शुभाचं नुकसान झालं होतं तिला खरं काय ते कळूनही ती वर्षानुवर्षं गप्प बसली. सापडलेल्या वहीने तिचा राग खोटा ठरवला होता. तो सोडायचा तर आधी आपलं चुकलं म्हणावं लागलं असतं. यातलं एकही वाक्य कथेत लिहायचं नाही. वाचक ते तीन आकड्यांतून काढतो: 1996, 2011, 2015. डिलीट केलेल्या मेसेजात काय होतं हे लेखकाला माहीत असलं पाहिजे, पण वाचकाला ते सांगता कामा नये. माझ्या मते तिथे एखादी सबब होती.

कुणीही न बोलता गोष्ट पुढे नेणं हे या प्रकाराचं खास बळ आहे. त्याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण मात्र फोनच्या कितीतरी आधीचं आहे. कॅथरीन क्रेसमन टेलर या अमेरिकन लेखिकेची ‘अ‍ॅड्रेस अननोन’ ही कथा 1938 साली ‘स्टोरी’ या मासिकात आली. सॅन फ्रान्सिस्कोत चित्रांच्या धंद्यात भागीदार असलेले दोन मित्र, मॅक्स ज्यू आणि मार्टिन जर्मन. मार्टिन 1932 मध्ये जर्मनीला परततो आणि हळूहळू नाझी होतो. मॅक्सच्या बहिणीला तो संकटात दार बंद करतो. त्यानंतर मॅक्स त्याला साधी वाटणारी, धंद्याची आणि नातेवाइकांची पत्रं पाठवू लागतो. ती जर्मन सेन्सॉर वाचणार आहेत हे त्याला ठाऊक असतं. त्यांना ती सांकेतिक वाटावीत, हाच त्याचा डाव. मार्टिन काकुळतीला येतो, पत्रं थांबव म्हणतो, मॅक्स थांबत नाही. अखेरचं पत्र न उघडता परत येतं, वर शिक्का: पत्ता लागत नाही. मार्टिनचं काय झालं ते कुणीही सांगत नाही. पोस्टाचा शिक्का सांगतो.

तिथे मैत्री मोडते, इथे ती सांधायची आहे, पण कसब तेच. नीलमचा रागाने पाठवलेला मेसेज चार दिवस एकाच करड्या खुणेवर अडकला तर वाचक विचारात पडेल: फोन बंद, की ब्लॉक? व्हॉट्सअ‍ॅप ते सांगत नाही. लेखकानेही सांगू नये.

मग शेवट. ‘माफ कर गं’, ‘तू पण’, दोन हृदयं आणि एक रडका चेहरा, हा पर्याय हाताशी असतोच. माणसं खरोखर असं लिहितात, नाही असं नाही. पण कथेत ते आलं की आधीची सगळी कंजुषी वाया जाते. त्यापेक्षा शुभाने शुक्रवारी रात्री असं लिहावं:

‘माळा रिकामा करतेय. उद्या रद्दीवाला येतो. वही हवी असेल तर अकराच्या आत ये.’

आणि नीलमने: ‘पत्ता पाठव.’

त्यानंतर लोकेशन जातं आणि कथा थांबते. दारात दोघी भेटल्या, रडल्या की हसल्या, हे लिहायचा मोह पुष्कळांना होतो. पण समोरासमोर आल्यावर कुणी मेसेज करत नाही. ते लिहायचं तर कुठून तरी निवेदक आणावा लागेल, आणि इतका वेळ गैरहजर असलेला माणूस शेवटच्या परिच्छेदात का उगवला, हे त्याला सांगता येणार नाही.