काय-स्क्वेअरमध्ये टक्के घालू नका

मार्केटिंगच्या प्रोजेक्टचे अहवाल तपासायला घेतले की दरवर्षी हेच उत्तर मिळतं: "सर, टक्के काढले की वयोगटांची तुलना नीट होते, म्हणून टक्क्यांवरच काय-स्क्वेअर लावला." तक्त्यात टक्के दाखवायला हरकत नाही. चाचणीत मात्र माणसांची संख्याच घालायची, कारण आपण किती जणांना विचारलं हे चाचणीला त्या संख्येवरूनच कळतं.

समजा, निराला बाजारात उभं राहून ६० जणांना विचारलं, चहापत्ती 'अ' ब्रँडची आवडते की 'ब'ची? तीन वयोगट, प्रत्येकी २० जण. 'अ' निवडणारे तरुणांत १२, मधल्या गटात १०, चाळिशीपुढच्यांत ८, बाकीचे 'ब'कडे. म्हणजे दोन्ही ब्रँडना ३०-३० जण. वयाचा आवडीशी संबंध नसता, तर प्रत्येक चौकटीत किती जण दिसले असते? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण: २० × ३० ÷ ६० = १०. आता प्रत्येक चौकटीतल्या फरकाचा वर्ग करा, त्याला १० ने भागा आणि सगळं मिळवा. उत्तर १.६. दोन डिग्री ऑफ फ्रीडमला ५ टक्के पातळीवर ५.९९ ओलांडावे लागतात. १.६ त्याच्या जवळपासही नाही.

हेच टक्क्यांनी करून पाहा. ६०-४०, ५०-५०, ४०-६०. अपेक्षित आकडा ५०, उत्तर ८. लगेच अहवालात छापून येतं: 'वयानुसार ब्रँडची पसंती बदलते.' अहो, विचारलं ६० जणांना आणि तक्त्याची बेरीज ३००! उरलेली २४० माणसं कुठल्या चौकात भेटली? एक्सेलचं CHISQ.TEST हे पकडत नाही. संख्या दिल्या तर ते ०.४४९ सांगतं, टक्के दिले तर ०.०१८. म्हणून चाचणीआधी एकच बेरीज करा: तक्त्यातला एकूण आकडा भरून आलेल्या प्रश्नावल्यांइतका आहे का? तो जुळत नसेल आणि प्रत्येक ओळ नेमकी १०० भरत असेल, तर तक्त्यात माणसांऐवजी टक्के आलेत.

उलटही घडतं. प्रत्येक गटात २०० जण असतील, तर खरं उत्तर १६ येतं आणि टक्के ते ८ वर आणतात.

'चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं असली की चाचणी बाद' हेही खरं नाही. कॉक्रनने १९५४ मध्ये सांगितलेला निकष अपेक्षित आकड्यांचा आहे: पाचाखालच्या चौकटी एकूण चौकटींच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नकोत आणि एकाखाली एकही नको.

'एकाने दोन ब्रँडवर खूण केली तरी चालतं' हेही चुकीचं. त्याला दोनदा मोजलं, की निरीक्षणं स्वतंत्र राहत नाहीत.

आणि 'सिग्निफिकंट आलं म्हणजे कारण वयच' हे तर मुळीच नाही. तरुण सगळे कॉलेजच्या गेटवर भेटले आणि वडीलधारे गुलमंडीच्या बाजारात, तर दिसलेला फरक वयाचा की जागेचा, हे काय-स्क्वेअर सांगू शकत नाही.