हायटस हर्निया: सरकणारा की बाजूने चढलेला? ऑपरेशन नेमके कधी?

एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'हायटस हर्निया' लिहिलेले दिसले की घरात पहिला प्रश्न निघतो, "आता ऑपरेशन करावं लागणार का?" बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असेच असते. पण काही थोड्या लोकांसाठी ते 'हो' असते, आणि हे ठरते हर्नियाच्या प्रकारावर.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला डायाफ्राम म्हणतात. त्यातल्या एका छिद्रातून अन्ननलिका खाली येऊन जठराला जोडली जाते. हे छिद्र म्हणजे हायटस. वय, वाढलेले वजन, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठतेत जोर लावणे यामुळे ते सैल पडते आणि जठराचा भाग छातीत शिरतो.

शंभरातल्या साधारण पंच्याण्णव जणांचा हर्निया सरकणारा, म्हणजे स्लायडिंग असतो. यात अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तो सांधाच वर सरकतो. जठर पिळत नाही, पण सांध्याची झडप ढिली पडते आणि आम्ल वर येते. छातीत जळजळ होते, आंबट पाणी तोंडात येते, वाकल्यावर त्रास वाढतो. इफ्तारला पोटभर भजी-समोसे खाऊन लगेच तरावीहला उभे राहिले की सजद्यात घशाशी आंबट येते, ते याचमुळे. इफ्तार थोडा-थोडा करणे, सहरीनंतर लगेच आडवे न होणे, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो अर्धा फूट उंच करणे यांनी बराच फरक पडतो. नुसती जास्तीची उशी घेतली तर पोट दुमडते, उपयोग होत नाही. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, म्हणून रोज्यात ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून घ्या. छातीतले दुखणे पहिल्यांदाच होत असेल तर मात्र आधी ईसीजी काढा, त्याला ॲसिडिटी समजून घरी बसू नका.

दुसरा प्रकार पॅराइसोफेजियल. यात जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या बाजूने छातीत चढतो. सांधा जागेवरच राहिला तर तो टाईप दोन. सांधाही वर गेला तर टाईप तीन, आणि बाजूच्या हर्नियात हाच जास्त आढळतो. जठराबरोबर मोठे आतडेही गेले तर टाईप चार. गंमत म्हणजे यात जळजळ कमी असू शकते. दोन घास खाल्ले की पोट भरते, जेवणानंतर छाती जड होते, दम लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा मलकापूरकडच्या अडुसष्ट वर्षांच्या दादीजान आहेत. हिमोग्लोबिन सात, लोहाच्या गोळ्या घेतल्या की वाढते आणि काही महिन्यांत पुन्हा उतरते. चालताना दम लागतो म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तर हृदयाच्या मागे हवेचा फुगा आणि त्याखाली पाण्याची सपाट रेघ दिसली. ते छातीत बसलेले जठर होते. एंडोस्कोपीत छिद्राच्या कडेला जठरावर घासून पडलेल्या जखमा दिसल्या. त्यांना कॅमेरॉन अल्सर म्हणतात. रक्त तिथून थोडे-थोडे झिरपत होते. सीटी स्कॅनमध्ये टाईप तीन निघाला. अशा दादीजानचे हृदय आणि फुफ्फुसे भूल सोसण्यासारखी असतील तर ऑपरेशनचा सल्ला दिला जातो, कारण नुसत्या गोळ्यांनी जठर खाली येत नाही.

पण बाजूचा हर्निया योगायोगाने सापडला, त्रास काहीच नाही, वय झालेले आहे, तर लक्ष ठेवून थांबणेही योग्य ठरते. अशा लोकांत अचानक आणीबाणी येण्याचा धोका वर्षाला शंभरात साधारण एखाद्यालाच असतो. सरकणाऱ्या हर्नियात ऑपरेशनचा विचार होतो तो गोळ्या नीट घेऊनही आंबट पाणी वर येतच राहिले किंवा गोळ्या सोसत नसतील तर. त्याआधी अन्ननलिकेची हालचाल आणि आम्लाची तपासणी करतात.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीने होते. जठर खाली ओढतात, छिद्र टाके घालून आवळतात आणि जठराचाच भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून नवी झडप करतात. नंतर काही आठवडे पातळ, मऊ खाणे असते. गिळताना अडकणे, पोट फुगणे हे सुरुवातीला होते. मोठा हर्निया काही वर्षांनी तपासणीत पुन्हा दिसू शकतो, पण अशा अनेकांना त्रास नसतो आणि दुसरे ऑपरेशन थोड्यांनाच लागते. ही कामे सरावाच्या हाताची आहेत, म्हणून सर्जनला "तुम्ही असे किती केलेत?" हे विचारायला संकोच करू नका.

बाजूचा हर्निया असलेल्या माणसाच्या पोटात वरच्या बाजूला एकाएकी जोरात दुखू लागले, उबळ येते पण उलटी काहीच पडत नाही, असे झाले तर जठर पिळले असू शकते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच हीसुद्धा आणीबाणीच. अशा वेळी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. तोंडाने काही न देता १०८ ला फोन करा आणि जिथे सर्जन व सीटी स्कॅन आहे अशा मोठ्या दवाखान्यात न्या. जुने रिपोर्ट सोबत घ्या आणि हर्निया आहे हे दारातच सांगा.