फळ्यावरून पडद्यावर – भाग ६ : एका वेळी एकच रेघ

दहावीच्या आंतरलिखित कोनाच्या प्रमेयाची आकृती पुस्तकात पूर्ण होऊन समोर येते. वर्तुळ, दोन जीवा, व्यास आणि दोन त्रिज्या सगळं एकदम दिसतं. त्यातलं दिलेलं काय आणि आपण काढलेलं काय, हे मुलाला कळत नाही. पडद्यावर मात्र रेघांना क्रम देता येतो.

जिओजेब्रात `n` नावाचा स्लाइडर घ्या, 0 ते 4, पायरी 1. `n=0` ला फक्त वर्तुळ, केंद्र O, आणि AB व AC या जीवा. इथे थांबून विचारायचं, पुढची रेघ कोणती? उत्तर आलं की `n=1` : A मधून जाणारा व्यास AD, तुटक रेषेत, कारण ती आपली रचना आहे. `n=2` ला त्रिज्या OB आणि OC. `n=3` ला OA = OB म्हणून A आणि B पाशी सारखाच कोन x, दुसऱ्या बाजूला तसाच y. `n=4` ला O पाशी बाह्यकोन 2x आणि 2y. x 25° आणि y 35° असेल, तर केंद्रापाशी 50° आणि 70°, म्हणजे BC कंस 120° आणि A चा कोन 60°. पण हे आकडे तोंडी सांगा, आकृतीत x आणि y च राहू द्या. आकडे दिसले की मुलं मोजणीलाच सिद्धता मानतात.

प्रत्येक वस्तूच्या ‘ॲडव्हान्स्ड’ गुणधर्मांत ती केव्हा दिसावी याची अट लिहायची, उदाहरणार्थ त्रिज्यांना

```
n>=2
```

D साठी रेषा आणि वर्तुळाचा छेदनबिंदू घेऊ नका. रेषा वर्तुळाला A पाशीही छेदते, त्यामुळे दोन उत्तरं येतात आणि त्यातलं हवं ते निवडत बसावं लागतं. त्यापेक्षा

```
D = Reflect(A, O)
```

सरळ काम करतं. कोन मात्र घड्याळाच्या उलट दिशेने मोजले जातात. बिंदूंचा क्रम उलटला की 25° च्या जागी 335° चा कंस उमटतो. गुणधर्मांत 0° ते 180° अशी मर्यादा घातली की हे थांबतं. पण A लघुकंसावर नेलात, तर केंद्रापाशी हवा असलेला कोन 180° हून मोठा असतो आणि तीच मर्यादा उलटते. म्हणून BOC एकसंध दाखवायचाच नाही. BOD आणि DOC वेगळे ठेवले, तर बेरीज तिथेही बरोबर येते.

स्लाइडर आपोआप चालवू नये. तो आपल्या गतीने पळतो, वर्गाच्या नाही.

शेवटी A ओढून पाहा. AC जीवा केंद्रातून जाईल त्या क्षणी D हा C वर बसतो, y शून्य होतो आणि AOC त्रिकोणच उरत नाही. आणखी ओढलं की केंद्र कोनाबाहेर जातं. आता A चा कोन x + y नसून x − y आहे, आणि `n=4` वरची आपली बेरीज तिथे खोटी ठरते. त्या स्थितीसाठी वजाबाकीचा मजकूर वेगळा लिहावा लागतो. तो पुढच्या भागात.