डाग कोणत्या तारखेला पडला?

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कपड्याला डाग दिसला, तर डॉक्टरांकडे जायचं, हा नियम बऱ्याच बायकांना ठाऊक असतो. मात्र गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांसाठी हार्मोनचं औषध सुरू झालं, की हा नियम जसाच्या तसा चालत नाही. काही औषधपद्धतींत दर महिन्याला रक्तस्राव होणं अपेक्षितच असतं. काहींत सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग पडतात आणि मग थांबतात. तसाच डाग वर्षभराने पडला, तर त्याची तपासणी करावी लागते. रक्त तेच, पण त्याचा अर्थ दोन गोष्टींवर ठरतो: औषध कोणत्या पद्धतीने चालू आहे आणि डाग कोणत्या तारखेला पडला.

मुळात हे रक्त येतं कुठून? गरम वाफा थांबवण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. पण तेच इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आतलं अस्तर वाढवत नेतं. त्या वाढीला आवर घालण्यासाठी दुसरं हार्मोन लागतं, ते प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं काम करणारं औषध. अमेरिकेत एकेकाळी पिशवी असलेल्या बायकांनाही नुसतं इस्ट्रोजेन दिलं जाई. त्यांच्यात अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवलं. पुढे १९९६ साली ‘पेपी’ या अमेरिकी चाचणीतले अस्तराबद्दलचे निष्कर्ष आले. तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ६२ जणींच्या अस्तराची वाजवीपेक्षा जास्त वाढ झालेली होती. हार्मोन नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात दोन होतं, आणि इस्ट्रोजेनसोबत दुसरं हार्मोन घेणाऱ्यांत जवळपास तेवढंच. म्हणून पिशवी शाबूत असलेल्या बाईला दोन्ही हार्मोनं द्यावी लागतात. शस्त्रक्रियेने पिशवी काढलेली असेल, तर बहुधा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं आणि रक्तस्राव अपेक्षितच नसतो.

दुसरं हार्मोन द्यायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत इस्ट्रोजेन रोज असतं आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवसच. ते बंद झालं की अस्तर गळून पडतं आणि पाळीसारखा रक्तस्राव होतो. पाळी अजून पुरती गेलेली नाही, पण मागेपुढे होऊ लागली आहे, अशा काळात ही चक्राकार पद्धत वापरतात. दुसरी पद्धत सलग. तिच्यात दोन्ही हार्मोनं रोज घ्यायची, मध्ये खंड नाही. रोजच्या प्रोजेस्टेरॉनमुळे अस्तर वाढतच नाही, ते पातळ राहतं आणि काही महिन्यांनी रक्तस्राव थांबतो. शेवटची पाळी होऊन वर्ष झालेल्या बायकांसाठी ही पद्धत असते. त्याआधीच सुरू केली, तर शरीराची स्वतःची उरलीसुरली हार्मोनं मध्ये येतात आणि डाग कधीही पडत राहतात.

एक नमुना उदाहरण पाहू. पन्नाशीच्या एका शिक्षिकेची पाळी कधी दोन, तर कधी चार महिन्यांनी येते. गरम वाफांनी वर्गात उभं राहणं अवघड झालंय. डॉक्टर तिला रोज त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल देतात. सोबत प्रत्येक महिन्याच्या १ ते १४ तारखेला रात्री झोपताना २०० मिलिग्रॅमची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल असते. या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती रात्रीच घ्यायची.

पहिल्या महिन्यात तिला १६ तारखेला रक्तस्राव सुरू होतो आणि चार दिवसांत थांबतो. दुसऱ्या महिन्यात १७ तारखेला. हे अगदी अपेक्षेप्रमाणे आहे. चक्राकार पद्धतीतला रक्तस्राव साधारणपणे प्रोजेस्टेरॉनच्या शेवटच्या एकदोन दिवसांत किंवा ते संपल्यावर दोनतीन दिवसांत सुरू होतो. दर महिन्याला तो जवळपास त्याच तारखांना येतो आणि आठवड्याच्या आत आटोपतो. एखादीला तो येतच नाही. कॅप्सूल नियमित घेतल्या असतील, तर रक्त आत साठून राहिलं असं समजायचं कारण नाही, अस्तर फारसं वाढलंच नाही एवढाच त्याचा अर्थ. फक्त पाळी पुरती गेलेली नसेल, तर गर्भधारणा नाही याची खात्री करून घ्यावी, कारण हे औषध गर्भनिरोधक नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र ८ तारखेलाच डाग दिसतो. इथे पहिला प्रश्न कॅप्सूलचा. लग्नकार्यासाठी गावी गेल्यामुळे ४, ५ आणि ६ तारखेच्या कॅप्सूल राहून गेलेल्या असतात. प्रोजेस्टेरॉन मध्येच तुटलं आणि अस्तर सुटायला लागलं. कारण समजलं, पुढच्या महिन्यात रक्तस्राव परत १६ तारखेला आला, तर विषय तिथेच संपतो. एकही कॅप्सूल न चुकवता दोनतीन महिने असाच लवकर रक्तस्राव झाला असता, तर प्रोजेस्टेरॉनची मात्रा किंवा दिवस कमी पडतात का, हे बघावं लागलं असतं. १९८६ साली लंडनच्या संशोधकांनी हीच तारीख मोजली होती. प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यापासून दहाव्या दिवशी किंवा त्याआधी रक्त येणाऱ्या बायकांत अस्तरावर औषधाचा पुरेसा परिणाम झालेला नसे. पुढच्या अभ्यासांत हा हिशेब सगळ्यांना तंतोतंत लागू पडला नाही, त्यामुळे नुसत्या तारखेवरून निदान करत नाहीत. पण तारीख विचारतात, ती याच कारणासाठी.

तारखा बिघडवणारी आणखी दोन कारणं आपल्याकडे नेहमी आढळतात. एक म्हणजे गणपती, पूजा किंवा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्याही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या असतात. त्या मनाने घेतल्या, की चक्राच्या तारखा सरकतात आणि नंतर आलेला रक्तस्राव औषधाचा की आजाराचा, हे कळेनासं होतं. दुसरं कारण म्हणजे इतर औषधं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन यांच्यामुळे यकृत हार्मोनांचा निचरा लवकर करतं. मग ठरलेली मात्रा अपुरी पडते. अशी औषधं सुरू झाली, तर हार्मोन लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

चार वर्षांनी, ५४व्या वर्षी, याच शिक्षिकेला सलग पद्धतीवर आणलं जातं. चक्राकार पद्धत वर्षानुवर्षं तशीच चालू ठेवत नाहीत, साधारण पाच वर्षांच्या आत किंवा ५४व्या वर्षाच्या सुमारास बदलतात. आता जेलसोबत रोज रात्री १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. पहिल्या तीन महिन्यांत तिला कधी तपकिरी डाग, कधी दोन दिवस हलकं रक्त, अशी अनियमितता दिसते. तारखेचा काही मेळ नसतो. बाई घाबरते, पण हेही अपेक्षितच आहे. नव्या पद्धतीशी अस्तर जुळवून घेत असतं. बहुतेकींचे डाग तीन ते सहा महिन्यांत कमी होऊन थांबतात. हिचे पाचव्या महिन्यात थांबतात.

आणि मग अकराव्या महिन्यात पुन्हा डाग पडतो. अगदी थोडा, एकाच दिवशी. दुखत नाही, पॅडही लागत नाही. तरीही या वेळी वाट बघायची नाही. सलग पद्धतीत एकदा थांबलेला रक्तस्राव परत सुरू होणं, हे तपासणीचं ठाम कारण आहे, मग रक्त कितीही थोडं असो.

डॉक्टर आधी आतून तपासतात, कारण योनीचा कोरडेपणा किंवा गर्भाशयमुखावरची गाठ यांमुळेही रक्त येतं. गर्भाशयमुखाची पॅप तपासणी राहिली असेल, तर ती करतात. मग योनीमार्गातून सोनोग्राफी. तिच्यात अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. ब्रिटिश मेनोपॉज सोसायटीच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनानुसार सलग पद्धतीत ४ मिलिमीटरपर्यंत आणि चक्राकार पद्धतीत ७ मिलिमीटरपर्यंतची जाडी स्वीकारार्ह धरतात. चक्राकार पद्धतीत अस्तर महिनाभरात जाड-पातळ होत राहतं, म्हणून रक्तस्राव संपल्या संपल्या केलेल्या सोनोग्राफीचा उपयोग जास्त. शिक्षिकेच्या अस्तराची जाडी ६ मिलिमीटर भरते. चक्राकार औषध चालू असतं, तर एवढी चालली असती. सलग औषधावर ती जास्त आहे. पिशवीत बारीक दुर्बीण घालून पाहिल्यावर एक लहान पॉलिप सापडतो. तो काढतात, अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवतात आणि अहवाल साधा येतो.

बहुतेकींच्या बाबतीत शेवट असाच होतो. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी सुमारे ९ टक्के जणींना अस्तराचा कर्करोग निघतो, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं. हार्मोन घेणाऱ्यांत हे प्रमाण आणखी कमी. पण त्याच अभ्यासात, पाळी गेल्यानंतर हा कर्करोग झालेल्या बायकांपैकी ९० टक्के जणींना आधी रक्तस्राव झालेला होता. म्हणजे हा आजार बहुधा सूचना देऊन येतो, आणि लवकर सापडला तर शस्त्रक्रियेनेच बरा होण्याची शक्यता मोठी असते.

तेव्हा डॉक्टरांकडे कधी जायचं? सलग पद्धत सुरू करून सहा महिने झाले, किंवा औषधाची मात्रा वा प्रकार बदलून तीन महिने झाले, आणि तरी डाग थांबत नाहीत, तेव्हा. थांबलेलं रक्त परत सुरू झालं, तेव्हा. चक्राकार पद्धतीत ठरलेल्या दिवसांखेरीज मध्येच रक्त आलं, ते आठवड्यापेक्षा जास्त लांबलं किंवा आधीपेक्षा बरंच वाढलं, तेव्हा. संबंधानंतर रक्त आलं किंवा पिशवी काढलेली असूनही डाग दिसला, तेव्हाही. पॅड तासाभरात भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी जायचं. वजन खूप जास्त असेल, आतड्याच्या किंवा पिशवीच्या कर्करोगाची घराण्यात पार्श्वभूमी असेल, किंवा प्रोजेस्टेरॉनशिवाय इस्ट्रोजेन काही महिने घेतलं गेलं असेल, तर सहा महिने थांबण्याची सवलतही धरू नये.

गुंगी येते किंवा पोट फुगतं म्हणून नुसतं प्रोजेस्टेरॉन सोडून इस्ट्रोजेन चालू ठेवणं, ही यातली सगळ्यात धोक्याची चूक. त्रास होत असेल तर प्रकार बदलता येतो. पिशवीत बसवायची हार्मोनयुक्त कॉपर-टीसारखी वस्तूही मिळते, ती अस्तराला पाच वर्षं आवर घालते. घरातल्या कालनिर्णयवर रोजची कॅप्सूल घेतल्याची खूण आणि डाग पडलेल्या तारखेवर ‘थोडं’ किंवा ‘जास्त’ एवढा एक शब्द लिहून ठेवा, आणि दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्या.